दोन साडू, एक गाळा आणि भांडवलावरचे व्याज

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी मंडळी वह्यांची पूजा करतात. एके काळी या दिवशी केवळ पूजाच होत नसे, तर जुने खाते बंद होऊन नवे उघडत असे. पुढे आयकर खात्याने १९८८-८९ या वर्षापासून सर्वांना ३१ मार्च ही एकच वर्षअखेर बांधून दिली. तेव्हापासून पूजा दिवाळीत आणि हिशेब मार्चमध्ये, अशी वाटणी झाली आहे. पूजेला सगळे भागीदार हसतमुखाने शेजारी शेजारी बसतात. हिशेबाला मात्र ते समोरासमोर बसतात, आणि त्या वेळी मध्ये बसण्याचे काम माझ्यासारख्या हिशेबनिसाकडे येते.

वाशीला माझे लहानसे कार्यालय आहे. तुर्भ्याचा बाजार जवळ असल्यामुळे माझ्याकडे येणारी बहुतेक खाती भागीदारीची असतात. त्यांपैकीच एका जोडीची गोष्ट आज सांगावयाची आहे. नावे गाळली आहेत आणि आकडे वाचकांच्या सोयीसाठी गोल केले आहेत. बाकी प्रश्न जसा होता तसाच आहे.

हे दोघे एकमेकांचे साडू. थोरल्यांनी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, आणि हाती आलेल्या रकमेतून १२ लाख रुपये त्यांनी धंद्यात घातले. धाकट्यांची उमर मसाल्याच्या दलालीत गेलेली. मिरची हातात घेऊन नुसती मोडली की तिचा रंग किती टिकेल हे ते सांगत; परंतु गाठीला होते अवघे ४ लाख. तुर्भ्याच्या मसाला बाजारातून मिरची, धणे, हळद घ्यावयाची, कोपरखैरण्याच्या भाड्याच्या गाळ्यात दळून पाकिटे भरावयाची आणि नेरुळ-बेलापूरपर्यंतच्या दुकानांना पुरवावयाची, असा बेत ठरला. १ एप्रिलला काम सुरू झाले. करारपत्र तयार छापील नमुन्यावरून केलेले होते. त्यात "नफा-तोटा निम्मा-निम्मा" एवढे एक वाक्य स्पष्ट होते. भांडवलावर व्याज द्यावयाचे की नाही, उचलीवर घ्यावयाचे की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते.

पहिल्या वर्षअखेर सर्व खर्च वजा जाता ५ लाख रुपये नफा निघाला. पहिल्याच वर्षी एवढा नफा म्हणजे आनंदाची गोष्ट. पण नफा निघाला म्हणूनच भांडण निघाले.

थोरल्यांचे म्हणणे असे : "माझे पैसे यांच्या तिप्पट. ते मी बँकेत मुदतठेवीला ठेवले असते तरी घरबसल्या व्याज आले असते. मग दोघांना सारखे अडीच लाख कसे?"

धाकट्यांचे म्हणणे असे : "अण्णा, तुमचे पैसे तिप्पट हे कबूल. पण पहाटे पाचला बाजारात कोण उभा राहतो? दुकानदारांकडे उधारीच्या वसुलीला कोण जातो?"

दोघेही खरे बोलत होते. धंद्याला दोन गोष्टी लागतात, पैसा आणि मेहनत, आणि त्या क्वचितच एका माणसाकडे सारख्या असतात. कोल्हापुरात १९२९ साली 'प्रभात फिल्म कंपनी' निघाली तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे कसबी भागीदार होते, आणि पैशाचे बळ पाचव्या भागीदाराचे, म्हणजे सीताराम कुलकर्णी यांचे होते. कोपरखैरण्याच्या गाळ्यातही प्रमाण लहान असले तरी मांडणी तीच होती. अशा ठिकाणी नफ्याचा एकच आकडा घेऊन तो एकाच मापाने वाटू गेले की कोणावर तरी अन्याय होतो.

प्रथम मी त्यांना कायदा काय म्हणतो ते सांगितले. आपला भागीदारीचा कायदा १९३२ सालचा आहे. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर नफा सर्वांना समान. मग भांडवल कोणाचे कितीही असो. भांडवलावर व्याज मिळत नाही. काम करणाऱ्या भागीदारालाही कामाचा वेगळा मोबदला मिळत नाही. म्हणजे थोरल्यांना व्याज नाही, तसा धाकट्यांना पगारही नाही. करारपत्र मुके असेल तर दोघांचेही तोंड बंद. मात्र त्याच कायद्यात अशीही सोय आहे की, सर्व भागीदारांच्या संमतीने आपसांतील अटी केव्हाही बदलता येतात. तेव्हा मी म्हटले, "कायद्याने आज प्रत्येकी अडीच लाख. पण तुम्हां दोघांना पटले तर शेकडा दहा दराने व्याज धरून काय होते ते कागदावर पाहू. पाहायला पैसे पडत नाहीत."

थोरल्यांच्या १२ लाखांवर दरसाल दरशेकडा १० ने व्याज १,२०,००० रुपये. धाकट्यांच्या ४ लाखांवर ४०,०००. दोन्ही मिळून १,६०,०००. हे ऐकताच धाकटे साडू दचकले. "म्हणजे ८० हजारांचा फरक! माझ्या खिशातून ८० हजार जाणार?"

येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, म्हणून वाचकांनी क्षणभर थांबावे. हे व्याज बाहेरून येत नाही. त्याच ५ लाखांतून आधी बाजूला काढले जाते. उरलेला नफा जेवढा कमी होतो तेवढा दोघांचाही निम्मा-निम्मा कमी होतो. म्हणजे थोरल्यांना मिळणाऱ्या व्याजाचा निम्मा भार थोरलेच उचलतात! दोन व्याजांतला फरक ८०,०००. त्याचा निम्मा ४०,०००. एवढीच रक्कम प्रत्यक्षात एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. नफा समान वाटणाऱ्या दोघा भागीदारांत हा नियम सदैव लागू पडतो : व्याजातल्या फरकाचा निम्मा.

याच्याच पोटात दुसरी एक गंमत आहे. समजा, या दोघांनी नफाच भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे ३ : १ असा वाटावयाचे ठरविले असते, तर व्याज धरा किंवा न धरा, उत्तर तेच आले असते. ५ लाखांचे ३ : १ प्रमाणे ३,७५,००० आणि १,२५,०००. आधी व्याज काढून उरलेले ३,४०,००० त्याच प्रमाणात वाटले तरी बेरीज तीच येते. कारण भांडवलावरचे व्याज हीच मुळी भांडवलाच्या प्रमाणात केलेली वाटणी आहे. तेव्हा ज्यांच्या करारात नफा भांडवलाच्या प्रमाणात आहे त्यांनी व्याजासाठी भांडण्यात अर्थ नाही. व्याजाचे कलम उपयोगी पडते ते नफ्याची वाटणी आणि भांडवलाचे प्रमाण वेगवेगळे असेल तेव्हाच.

भांडवलाचे झाले, आता उचलीकडे वळू. भागीदार वर्षभर घरखर्चासाठी धंद्यातून पैसे काढतात, त्याला उचल म्हणतात. भांडवल धंद्यात ठेवल्याबद्दल व्याज द्यावयाचे, तर तेथून पैसे काढून नेल्याबद्दल व्याज घ्यावयास हवे, हे ओघाने आलेच. दोघांनीही वर्षात १,२०,००० रुपयेच उचलले होते. तेव्हा "उचलीवरचे व्याज सारखेच, त्यात काय पाहायचे?" असे दोघेही म्हणाले. परंतु उचलीत रकमेइतकीच तारीख महत्त्वाची असते.

थोरल्यांनी दर महिन्याच्या १ तारखेला १०,००० नेले होते. एप्रिलचे दहा हजार बारा महिने बाहेर राहिले, मेचे अकरा महिने, आणि असे करीत मार्चचे एक महिना. बारा, अकरा, दहा अशी एकपर्यंत बेरीज केली की ७८ होते. १०,००० गुणिले ७८ म्हणजे ७,८०,०००. वर्षभर निरनिराळे दिवस बाहेर राहिलेली त्यांची सर्व उचल ही जणू ७,८०,००० रुपये एक महिना बाहेर असल्यासारखी आहे. त्यावर शेकडा दहाने एका महिन्याचे व्याज ६,५०० रुपये.

धाकट्यांनी दोनदाच उचल केली : १ जुलैला मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी ४०,००० आणि १ जानेवारीला मुलीच्या साखरपुड्यासाठी ८०,०००. चाळीस हजार नऊ महिने बाहेर होते, गुणाकार ३,६०,०००. ऐंशी हजार तीनच महिने बाहेर होते, गुणाकार २,४०,०००. एकूण ६,००,०००, आणि त्यावर एका महिन्याचे व्याज ५,०००. रक्कम तीच, पण व्याजात दीड हजारांचा फरक पडला. पुष्कळ ठिकाणी तारखा लिहिलेल्याच नसतात. तेव्हा हिशेबनीस सरासरी सहा महिने धरून दोघांवर सहा-सहा हजार टाकून मोकळा होतो. कोणी तर सगळ्या उचलीवर पूर्ण वर्षाचे व्याज लावून बारा हजारही टाकतात. वाचकांपैकी कोणी भागीदार असतील तर त्यांनी आपल्या खात्यात एवढे अवश्य पाहावे : वर्षभर थोडीथोडी झालेली उचल आणि तिच्यावर बरोबर शेकडा दहा व्याज दिसले, तर कोणी तारखा पाहिलेल्या नाहीत असे खुशाल समजावे.

आता सर्व आकडे एकत्र मांडू. नफा ५,००,०००. त्यात दोघांच्या उचलीवरचे व्याज ११,५०० मिळविले, कारण ते धंद्याला येणे आहे. त्यातून भांडवलावरचे व्याज १,६०,००० वजा केले, कारण ते धंद्याला देणे आहे. उरले ३,५१,५००. त्याचे निम्मे प्रत्येकी १,७५,७५०.

थोरल्यांच्या खात्यावर व्याज १,२०,००० जमा, नफा १,७५,७५० जमा आणि उचलीवरचे व्याज ६,५०० नावे. निव्वळ २,८९,२५०. धाकट्यांच्या खात्यावर व्याज ४०,००० जमा, नफा १,७५,७५० जमा आणि ५,००० नावे. निव्वळ २,१०,७५०. या दोन आकड्यांची बेरीज करून पाहा : बरोबर ५,००,०००. हीच या हिशेबाची चावी आहे. व्याज कितीही आणि कसेही लावा, शेवटी सर्व भागीदारांच्या निव्वळ रकमांची बेरीज मूळ नफ्याइतकीच भरली पाहिजे. एक रुपयाही जास्त किंवा कमी आला तर कोठेतरी व्याज एकाच बाजूला लिहिले गेले आहे.

व्याज नसते तर थोरल्यांना २,५०,००० मिळाले असते. आता ३९,२५० जास्त मिळाले. भांडवलामुळे ४०,००० इकडे आले आणि उचलीच्या फरकाचे निम्मे, ७५० रुपये, तिकडे गेले. धाकट्यांना वाटलेल्या ८० हजारांच्या जागी ३९,२५० हा आकडा पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण मला त्यांना आणखी एक कागद दाखवावयाचा होता. तो चांगल्या वर्षाचा नव्हता, वाईट वर्षाचा होता. मिरचीचे भाव कोसळले, माल चढ्या भावाचा पडून राहिला आणि नफा अवघा १ लाख झाला, तर काय होईल? समजण्यास सोपे जावे म्हणून त्या वर्षी उचल नाहीच असे धरू. भांडवलावरचे व्याज तर १,६०,००० होते. लाखातून एक लाख साठ हजार निघावयाचे कसे?

याला दोन उत्तरे आहेत आणि ती करारातल्या दोन-चार शब्दांवर अवलंबून आहेत. कायद्याचे साधे उत्तर असे की, करारात व्याज ठरले असले तरी ते नफ्यातूनच द्यावयाचे. नफा १ लाख म्हणजे व्याजही १ लाखापर्यंतच, आणि ते व्याजाच्या प्रमाणात, म्हणजे ३ : १ असे. थोरल्यांना ७५,००० आणि धाकट्यांना २५,०००. वाटण्यास नफा काही उरत नाही.

दुसरे उत्तर करारात "नफा होवो वा तोटा, व्याज द्यावेच लागेल" असे लिहिले असेल तेव्हाचे. मग पूर्ण १,६०,००० व्याज जमा होते आणि ६०,००० तोटा निर्माण होतो. तो निम्मा-निम्मा. थोरल्यांना १,२०,००० वजा ३०,००० म्हणजे ९०,०००. धाकट्यांना ४०,००० वजा ३०,००० म्हणजे १०,०००. वर्षभर पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाच्या हाती दहा हजार रुपये! एका वाक्याची किंमत पंधरा हजार झाली. छापील नमुन्यांत हे वाक्य पुष्कळदा सापडते आणि सही करताना ते कोणी वाचीत नाही.

थोरले साडू कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे दुसरे वाक्य नको. मला व्याज हवे ते नफ्याचे. यांच्या भाकरीचे नको." ती दोन वाक्ये ऐकल्यावर मी समजलो की भागीदारी टिकणार.

त्यानंतर धाकट्यांनी हळूच आपला प्रश्न काढला. पैशाला व्याज मिळते, तर मेहनतीला काय? न्यायाने हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. मी वरचाच नियम सांगितला : एका भागीदाराला महिना ५,००० मेहनताना ठरविला, तर वर्षाचे ६०,००० होतात आणि त्यातले निम्मेच, म्हणजे ३०,००० प्रत्यक्षात थोरल्यांकडून धाकट्यांकडे जातात. भांडवलामुळे ४०,००० इकडे, मेहनतीमुळे ३०,००० तिकडे. पुढील वर्षापासून दोन्ही कलमे घालावयाचे ठरले. गेल्या वर्षाचे व्याज धाकट्यांनी आपखुशीने मान्य केले, आणि तशी चिठ्ठी दोघांच्या सह्यांनी वहीत लावली.

येथे एक मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. आपसांत मागील वर्षाचे व्याज मान्य करता येते, पण आयकराला ते चालत नाही. पेढीच्या उत्पन्नातून भागीदाराचे व्याज वजा मिळावयाचे, तर ते करारपत्रात आधी लिहिलेले असावे लागते आणि ते साधे व्याज शेकडा १२ पर्यंतच धरले जाते. दर त्याहून अधिक ठेवला तर वरचे व्याज पेढीच्या करपात्र उत्पन्नात पुन्हा येऊन बसते. म्हणून हे कलम वर्ष संपल्यावर नव्हे, वर्ष सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

नव्या करारपत्राचा मजकूर ठरविताना आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की, व्याज कोणत्या भांडवलावर? वर्षअखेर थोरल्यांच्या १२ लाखांत निव्वळ २,८९,२५० मिळवून आणि १,२०,००० उचल वजा करून खात्याची शिल्लक १३,६९,२५० झाली होती. धाकट्यांची ४,९०,७५० झाली होती. पुढच्या वर्षी व्याज मूळ १२ आणि ४ लाखांवर धरावयाचे की या नव्या शिलकेवर? शिलकेवर धरले तर दोघांतले अंतर ८ लाखांवरून ८,७८,५०० होते, आणि न काढलेला नफा दरवर्षी व्याजाला लागतो. त्यांनी मूळ भांडवल स्थिर ठेवून उचल, व्याज, नफा यांचे वेगळे चालू खाते उघडणे पसंत केले. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण कोणती ते लिहून ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे कर्ज. अडीअडचणीला थोरल्यांनी भांडवलाखेरीज आणखी पैसे घातले, तर ते भांडवल नव्हे, उसनवार समजावयाचे. त्यावर करार नसला तरीही कायदा शेकडा ६ व्याज देतो आणि ते नफा झाला नाही तरी द्यावे लागते. दोन लाख रुपये सहा महिने दिले तर सहा हजार. म्हणून असे पैसे आले की त्याच दिवशी ते भांडवल की कर्ज हे रोजमेळात लिहावे. वर्षअखेर आठवून लिहू म्हटले की ज्याला जे सोयीचे तेच आठवते.

नव्या करारपत्रात अखेर पाच ओळी नव्याने आल्या. भांडवलावर शेकडा १० साधे व्याज, फक्त नफ्यातून. ते मूळ स्थिर भांडवलावर, आणि वर्षाच्या मध्ये भर घातली तर भर घातल्याच्या तारखेपासून. उचलीवर शेकडा १०, प्रत्येक उचलीच्या तारखेपासून. धाकट्यांना महिना ५,००० मेहनताना. बाकी नफा-तोटा निम्मा-निम्मा. दोघांनी त्या ओळी मोठ्याने वाचल्या, प्रत्येक पानावर सही केली आणि एक प्रत दोघा बहिणींच्या हवाली केली. "आम्ही विसरलो तर त्या विसरणार नाहीत," असे थोरले म्हणाले, आणि धाकट्यांनी त्याला मान डोलावली.